कै. आणि कॅ.

आमच्या पतसंस्थेत मी कॅश काउंटरला असतो. दिवसभर "टोकन नंबर सत्तावीस!" असं ओरडायचं, पैसे मोजायचे, पुन्हा ओरडायचं. एवढ्या भांडवलावर थोरल्या मेहुण्यांनी मला सूत्रसंचालक करून टाकलं. "तुमचा आवाज बाहेर चपलांपर्यंत पोचतोय की ओ. साखरपुड्यात चार माणसांची नावं घ्यायला काय हुतंय?" घरचंच कार्य, त्यात मेहुणे. नाही म्हणायची सोयच नव्हती.

पहिलं वर्षभर मी 'घरचंच' केलं. घर भलतंच मोठं निघालं. मेहुण्यांच्या शेजाऱ्यांचं बारसं, शेजाऱ्यांच्या साडूंचा निवृत्ती सत्कार, साडूंच्या सुनेचं डोहाळजेवण. मानधन म्हणून शाल आणि श्रीफळ. शाली कपाटात मावल्या, पण नारळ चौदा झाले. बायको रोज एक फोडायची आणि ताटात चटणी वाढताना म्हणायची, "घ्या, आज बारशाची आहे."

त्या काळात सूत्रसंचालन म्हणजे चारोळ्या, अशी माझी समजूत होती. चंद्र, चांदणं, मोगरा, रेशीमगाठी असा माल भरलेली एक वहीच होती माझ्याकडे. लोक मात्र चारोळी सुरू झाली की शेजाऱ्याला "ऊस गेला काय?" असं विचारायला लागत. नाव घेतलं की तेच लोक एकदम गप्प होऊन कान टवकारत. आपलं येतंय का, शेजाऱ्याचं आपल्याआधी येतंय का, आणि आलं तर नीट येतंय का, एवढंच हॉलला ऐकायचं असतं. हे मला एका साखरपुड्यात फार महागात कळलं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी कुणीतरी पत्रिकेच्या पाकिटाच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेली यादी हातात कोंबली. पहिलंच नाव 'कॅ.' असं. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर. भावकीत एखादा सुभेदार, दोन-तीन हवालदार निघणारच, तेव्हा कॅप्टनचं नवल नव्हतं. आवाजात जमेल तेवढा लष्करी ताठा आणून मी म्हटलं, "कॅप्टनसाहेबांनी व्यासपीठावर येऊन वधूवरांना आशीर्वाद द्यावेत." कुणी उठेना. मी पुन्हा पुकारलं. पुढच्या रांगेतल्या मावशींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, अभिमानानं. तेवढ्यात खालून एक जण म्हणाला, "ते वर गेल्यात."

जेवणघर पहिल्या मजल्यावर होतं. मी माइकवरूनच म्हटलं, "असू दे, जेवण झालं की खाली पाठवा."

ते 'कॅ.' नव्हतं, 'कै.' होतं. मुलीच्या आजोबांचं नाव स्मरणासाठी लिहिलं होतं. त्यांचा हार घातलेला फोटो माझ्या पाठीमागेच टेबलावर होता. त्या दिवशीचा नारळ मी स्वतःहून घेतला नाही.

तेव्हापासून माझ्या कार्डावर एकही संक्षेप नसतो. कैलासवासी हा शब्द पूर्ण, लाल शाईत, आणि खाली कंसात 'हे नाहीत'. कार्ड पोस्टकार्डाएवढं जाड, एका कार्डावर एकच बाब, अक्षर इतकं मोठं की हात लांब धरूनही वाचता यावं. यादी मी कार्यक्रमाच्या दिवशी घेत नाही. चार दिवस आधी घरी जाऊन, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून स्वतः लिहितो. कोण गेलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव आधी आलं नाही तर कोण ताटावरून उठेल, हे तिलाच ठाऊक असतं. आणि नुसतं 'पाटील' लिहीत नाही. आमच्याकडे "पाटीलसाहेबांनी पुढं यावं" म्हटलं की पाच जण उठतात, त्यातला एक भलताच सत्कार घेऊन बसतो आणि खऱ्या पाटलांची समजूत काढायला रात्र होते. नात्याचं आणि गावाचं नाव लागलं की एकच माणूस उठतो. आणखी एक पथ्य: 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदोपत्री शहराचं नाव बेळगावी झालं, तेव्हापासून मिश्र मंडळींच्या लग्नात माझ्या कार्डावर 'आपलं शहर' असतं. आपलं म्हटल्यावर कुणी भांडत नाही.

आवाजाचा गर्व मात्र अजून शाबूत होता. तो फोननं उतरवला. भाच्यानं एका कार्यक्रमात माझं रेकॉर्डिंग केलं होतं. ऐकलं तर मी म्हणत होतो, "वधूचे मामा, जे नंदगडहून सहकुटुंब सहपरिवार आलेले आहेत, त्यांना मी व्यासपीठावर येऊन सत्काराचा स्वीकार..." आणि पुढं नुसतं फुसफुस. मामांनी यायचं की नाही? मराठीत क्रियापद बसतं शेवटी आणि माझा श्वास संपतो त्याच्या एक शब्द आधी. काउंटरवर ही अडचण कधी आली नव्हती, कारण 'सत्तावीस'ला क्रियापद लागत नाही.

मग वाक्यंच कापली. "आता सत्कार. वधूचे थोरले मामा. नंदगडचे. मामा, व्यासपीठावर या." ("वर या" असं मी आता कुणालाही म्हणत नाही.) ओळख आधी, माणूस शेवटी. तेवढ्यात मामांना चपला शोधायला वेळ मिळतो. जिथं श्वास घ्यायचा तिथं कार्डावर लाल तिरकी रेघ. श्वास घेताना खांदे उचलले तर तो वरच्यावर राहतो, पोट पुढं आलं तर पुरतो. पोट पुढं येण्याबाबत मी निसर्गतःच तयार होतो. सकाळी पंधरा मिनिटं ओठ मिटून गुणगुणायला लागलो. बायकोनं दोन दिवस गॅसवर कुकर आहे समजून शिट्ट्या मोजल्या. घसा खाकरायची सवय सोडली, कारण खाकरून तो आणखी बसतो. त्याऐवजी कोमट पाण्याचा घोट. माइक तोंडापासून चार बोटं, जरासा तिरका. समोर धरला की 'भाऊ' म्हणताना हॉलमध्ये फटाका फुटतो. आणि स्पीकरच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, नाहीतर अशी शिट्टी वाजते की वाजंत्री आपल्याकडं बघतात.

एवढं सगळं झाल्यावर एक फोन आला. "किती घेताय?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी आरशासमोर "दोन हजार" म्हणायचा सराव केलेला होता, तरी तोंडातून आलं, "घरचंच की..." बायकोनं स्वयंपाकघरातून डाव दाखवला. मी म्हटलं, "दोन हजार. पाचशे विसार." पलीकडं शांतता. त्या शांततेत आपण बोलायचं नसतं, हे डावाकडं बघून कळलं. "बरं," पलीकडचे म्हणाले.

खानापूर रोडवरचा हॉल. मुलगी खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या त्याच थोरल्या मामांची भाची; नवऱ्याकडची मंडळी बैलहोंगलकडची. आडनावं मराठ्यांची, पण घरात बोलणं कन्नड. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटं. मी अकरालाच जाऊन भटजी, फोटोग्राफर आणि आचारी यांना भेटलो. सूत्रसंचालकाचे खरे साहेब हे तिघे. आचारी म्हणाला, "साहेब, अक्षता पडल्याशिवाय जेवणाचा 'ज' काढू नका. हॉल रिकामा हुतोय." मी हसलो. मला का कळत नव्हतं?

नवऱ्याकडच्यांसाठी दोन कन्नड कार्डं देवनागरीत लिहून घेतली होती. एक स्वागताचं, सुरुवातीला वाचायचं. एक निरोपाचं, सगळ्यात शेवटी. 12 वाजून 20 झाले तरी वरात मारुतीच्या देवळापाशी नाचत होती, आणि अर्धं वऱ्हाड कंटाळून आधीच हॉलमध्ये आलेलं. ते बघून घाईत उठलो, आणि धोतराच्या सोग्यात पाय अडकून (धोतर मेहुण्यांच्या आग्रहाखातर) सगळी कार्डं पडली. नंबर मी घातले होते, पण पाठीमागं. जे हाती लागलं ते भरदार, पोटातून आलेल्या, क्रियापदापर्यंत पुरणाऱ्या आवाजात वाचलं:

"एल्लरू ऊटा माडकोंड होगबेकु!"

म्हणजे सर्वांनी जेवूनच जावं. बैलहोंगलची दीडशे माणसं एका आवाजात उठली. मुठीत अक्षता तशाच. मुलीकडच्यांना शब्द कळले नसतील, पण दीडशे माणसं कुठं निघालीत हे कळायला भाषा लागत नाही. तेही उठले. जिन्याशी रेटारेटी. वरून आचारी हात जोडून उभा. भटजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मुदत न भरलेल्या पावतीकडं आमचे मॅनेजर बघतात. मुहूर्ताला दहा मिनिटं.

मला कन्नड येतं ते काउंटरपुरतं. तेवढंच तोंडातून आलं, काउंटरच्याच सुरात:

"निंद्री, निंद्री! स्वल्प कुंद्र्री, नावु करीतीवी!"

थांबा, जरा बसा, आम्ही बोलावतो. क्षणभर शांतता, मग जिन्यावरून हशा खाली उतरत आला. एक आजोबा म्हणाले, "नंबर एष्टु री?" नंबर कितवा म्हणे! मीही म्हटलं, "इप्पत्तेळु." सत्तावीस. हसत हसत सगळे परत खुर्च्यांवर बसले, वरात आली, अंतरपाट धरला आणि 12 वाजून 35 मिनिटांच्या अक्षता 12 वाजून 38 मिनिटांनी पडल्या. भटजी नंतर म्हणाले, तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. हल्ली मी कार्डांना वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवतो, आणि निरोपाचं कार्ड खिशात वेगळं ठेवतो.

जेवताना भटजींनी शेजारी बसवून घेतलं. "बाकी पैसे घेतलात?"

"पाठवणी झाली की मागतो."

"पाठवणीनंतर?" त्यांनी श्रीखंडाचं बोट थांबवलं. "दक्षिणा सप्तपदीला घ्यायची असते. पाठवणीनंतर पैसे कुणाकडं आहेत ते कुणालाच माहीत नसतं."

तोवर पाठवणी सुरू झाली होती. मुलीचे वडील खांबाला धरून रडत होते. त्या माणसाला "ते दीड हजार" कसं म्हणायचं? मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग मलाही रडू आलं, निम्मं मुलीसाठी, निम्मं दीड हजारांसाठी. कुणीतरी हातात नारळ दिला.

घरी बायकोनं काही न बोलता खोवणी काढली.

सोमवारी काउंटरला नेहमीसारखी गर्दी. दुपारी पुकारलं, "टोकन नंबर सत्तावीस!" कुणी येईना. पुन्हा पुकारलं. शेवटच्या बाकावरून एक गृहस्थ सावकाश उठले. नंदगडचे थोरले मामा.

"माझा नंबर एकोणतीस हाय," काचेच्या फटीतून पाकीट आत सरकवत म्हणाले, "खरं सत्तावीस म्हटल्यावर वाटलं, मलाच बोलवूलाल्यात."

पाकिटात दीड हजार होते. दुसऱ्या हातातली पिशवी फटीतून आत येत नव्हती, म्हणून मला बाहेर जाऊन घ्यावी लागली. सोळावा.