नकली औषधाचं पाकीट फोटोवरून कसं ओळखायचं, या माझ्या लेखावरच्या ‘काय डोंबल कळणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचला. जो माणूस गोळी हुबेहूब करू शकतो तो पाकीटही हुबेहूबच करणार, एवढं तर शाळकरी पोरालाही कळेल. फोटो बघून काय डोंबल कळणार? औषधाची परीक्षा प्रयोगशाळेत होते. उगाच लोकांना घाबरवू नका. शिवाय दुसऱ्या फोटोखाली उत्पादनाची तारीख एक्स्पायरी म्हणून दिली आहे. आधी स्वतःचं तपासा.»

फोटोखालची ओळ चुकली होती, दुरुस्त केली आहे. आभार.

बाकीच्याकडे वळण्याआधी एक सांगते. ‘ताई’ने सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्यात डोंबलावर यायचं, ही तऱ्हा मला नवी नाही. औषधांच्या कारखान्यात पॅकिंग विभागात मी 17 वर्षं काढली, आणि तिथे आलेल्या प्रत्येक नव्या सुपरवायझरने पहिल्या आठवड्यात मला याच सुरात माझंच काम समजावून सांगितलं. बहुतेकांचा सूर नंतर बदलला. तुमचाही बदलेल अशी आशा नाही, पण वाचणारे इतरही आहेत, म्हणून लिहिते.

तुमचं शाळकरी पोर चुकतंय. गोळी आणि पाकीट या दोन वेगळ्या कारागिऱ्या आहेत. साधी पांढरी गोल गोळी म्हणजे पावडर आणि ती दाबणारा साचा. खऱ्या गोळीवरचं अक्षर बघून साच्याचा पंच कोरून घेतला की ती डोळ्यांना सारखीच दिसणार. त्यात खडू आहे की औषध, हे ना फोटो सांगेल, ना मी. पाकिटाचं तसं नसतं. फॉइल एकीकडे छापून येतं, खोका दुसरीकडे, आणि बॅच नंबर व तारखा बहुतेक ठिकाणी शेवटी पॅकिंगच्या मशीनवर पडतात. नक्कल करणाऱ्याकडे मूळ डिझाइनची फाइल नसते, विकत आणलेला एक खोका असतो. तो स्कॅन करून परत छापतो. खऱ्या खोक्यावरचं निळं अक्षर अनेकदा एकाच निळ्या शाईचं, भरीव असतं. नकलेत तीच निळाई चार शाईंच्या ठिपक्यांनी उभी केलेली असू शकते. खोक्यावरचं सगळ्यांत बारीक अक्षर शोधून, मोबाइल जवळ नेऊन, फोकस स्थिर झाल्यावर फोटो काढा आणि मोठा करून बघा. खऱ्याची कड बहुधा सलग दिसते, नकलेची ठिपक्यांत विरघळू शकते. फोटो मूळ आकारातच पाठवायचा. मेसेजमधून दाबून लहान झालेल्या फोटोत खरी कडसुद्धा विरघळते, आणि मग निष्पाप खोका बदनाम होतो.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे मी फुशारकी मारते असं वाटायला नको. आमच्या वहिनींनी एकाच औषधाच्या दोन पट्ट्यांचा फोटो पाठवला. एकीवर बॅच नंबर तिरका, अर्धवट पुसट, शेवटचा आकडा कडेला चिकटलेला. दुसरीवर सगळं रेखीव. त्यांनी तिरकी पट्टी बाजूला ठेवली होती आणि मीही घाईत ‘बरोबर केलंत’ म्हणून मोकळी झाले. रात्री झोप लागेना. आयुष्यभर तिरके बॅच नंबर बघितलेली बाई मी! फॉइल धावत असताना वरून ठसा बसतो, रीळ जरा सरकलं की आकडे तिरके होतात. हा कारखान्याचा रोजचा गबाळेपणा आहे. तसंच, पट्टीच्या कडेला औषधाचं नाव अर्धं कापलेलं दिसलं तरी दचकायचं कारण नाही, फॉइलवर नाव ओळीने छापलेलं असतं आणि पट्टी कुठेही कापली जाते.

सकाळी वहिनींना तीन गोष्टी करायला लावल्या. फ्लॅश बंद करून, दिवा एका बाजूला खाली ठेवून पट्टीचा मागच्या बाजूने फोटो काढायचा. खोक्यावरचे बॅच नंबर आणि तारखा असलेल्या कडेचा फोटो. आणि आधीच्या महिन्यांतली, पूर्ण कोर्स घेऊन गुण आलेली रिकामी पट्टी घरात पडली असेल तर तिचाही. तिरप्या उजेडात जुन्या पट्टीवर आकड्यांच्या खाचांत सावली दिसली, म्हणजे ते दाबून उठवलेले होते. तिरक्या पट्टीवरही तशीच सावली. रेखीव पट्टीवर मात्र सावलीच नाही. तिथे बॅच नंबर औषधाच्या नावाच्या शाईतच, नावाबरोबर छापलेला होता. काही कारखाने असं एकदम छापतात, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. जुन्या पट्टीशी ताडल्यावर शंका आली, इतकंच. पण रेखीव पट्टीच्या खोक्यावरची एक्स्पायरी पट्टीवरच्या एक्स्पायरीशी जुळत नव्हती, आणि त्याला गबाळेपणा म्हणता येत नाही. औषधविक्रेत्यामार्फत कंपनीला विचारलं. तो बॅच नंबर त्यांचाच होता, पण वेगळ्या मात्रेच्या गोळीचा. म्हणजे आम्ही संशय घेतलेली पट्टी खरी, आणि रेखीव ती नकली.

‘सुबक तेच खरं’ हा समज मोडायला मला स्वतःच्याच घरात असं तोंडघशी पडावं लागलं.

तरी तुमच्या वाक्यात खरं काही असेल तर ते आग्नेय आशियातल्या मलेरियाच्या गोळ्यांत सापडेल. तुम्ही ते उदाहरण दिलं नाहीत, मीच देते. आर्टेसुनेटच्या नकली गोळ्यांचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला तपास आहे. 391 नमुन्यांपैकी 195 मध्ये औषध नव्हतंच किंवा नावापुरतं होतं. खऱ्या गोळीत सुमारे 50 मिलिग्रॅम, तर या नकली गोळ्यांत जास्तीत जास्त 12. खऱ्या पाकिटावर होलोग्रॅम होता, आणि नकली होलोग्रॅमचे 16 वेगवेगळे प्रकार सापडले. म्हणजे नकलाकार शिकत गेला, हे मान्य. पण 16 प्रकार ओळखता आले कशामुळे? पाकीट हुबेहूब नव्हतं म्हणूनच! इथे फोटोची एक खोड लक्षात ठेवा. सपाट छापलेला खोटा होलोग्रॅम फोटोत खऱ्यापेक्षा छान दिसू शकतो, कारण खरा चकाकून पांढरा पडतो. म्हणून पाकीट थोडं कलवून दोन फोटो काढायचे. रंग आणि चित्र हललं नाही तर शंका घ्यायची. हललं तरी खात्री होत नाही, चांगली नक्कलही हलते.

प्रयोगशाळेचं म्हणाल, तर ते मूळ लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर आला नसाल. घाबरवण्याचा मुद्दा सोडून देते, कारण त्या नकली गोळ्यांपैकी काहींत पॅरासिटामॉल होतं. ताप उतरायचा, रुग्ण निर्धास्त व्हायचा आणि मलेरिया आत तसाच. निर्धास्त असणं कधी महागात पडतं ते तुम्हीच ठरवा.

आणि हो, संशय आला म्हणून नेहमीची गोळी एकदम बंद करायची नाही. औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना गाठून दुसरी पट्टी घ्यायची, आणि संशयित पट्टी खोक्यासकट जपून ठेवायची. वहिनींनी खोका टाकला असता तर एक्स्पायरीतला फरक कुणाला दिसलाच नसता. तुमच्याकडेही खोके असतीलच. फ्लॅश बंद करून फोटो पाठवा, बघते.