डब्यावरचं ते ‘दुधासोबत’

वजन उतरवायचंय आणि सकाळ-संध्याकाळ मॉल्ट पावडर? कशासाठी? डब्यावर प्रथिनांचा आकडा ठळक, शेजारी बारीक अक्षरांत ‘दुधासोबत’. अहो, मग ती प्रथिनं दुधाचीच ना! डबा फिरवा, मागचा तक्ता वाचा. 100 ग्रॅम पावडरीत साधारण 7 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 20 ग्रॅमच्या कपात जेमतेम दीड. बाकी बहुतेक साखर आणि मॉल्टची कर्बोदकं. कपामागे नुसत्या पावडरीच्याच 75 कॅलरी, दोन कपांत 150, म्हणजे दीड पोळी, तीही भूक न भागवणारी! चमचा शिगोशीग भरला की आणखी जास्त. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ विभागातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात या नावाची व्याख्याच नाही. तरी आपल्या ओट्यावरून डबा का हलत नाही?