तीन हजारांतले उरलेले दोन हजार

“व्हाइट-लेबल काम म्हणजे शुद्ध लूट. लंडनची एजन्सी ग्राहकाकडून ३००० पौंड घेते आणि तुमच्या हातावर १००० टेकवते. मधला दलाल वगळा, थेट ग्राहक गाठा. जिथे स्वतःचे नावही लपवावे लागते, तिथे विश्वासाच्या गप्पा कशाला?”

या दाव्यातले आकडे पटण्याजोगे आहेत, पण उरलेले २००० पौंड म्हणजे निव्वळ नफा नव्हे. आम्ही पुण्यात बसून अशा एजन्सींसाठी, त्यांच्याच नावाने, वर्डप्रेसची संकेतस्थळे बांधतो. ग्राहक मिळवणे, डिझाइन, बैठका आणि महिनोन्महिने न येणाऱ्या मजकुराचा पाठपुरावा हे सारे एजन्सी त्याच पैशांतून करते. आमचे १००० पौंड ४० तासांचे, म्हणजे ताशी २५. हा दर २८ करून मागता येतो. ४० मागितला, तर आमचेच बिल १६०० होते आणि एजन्सीला तिच्याच गावातला, समोर बसून बोलणारा फ्रीलान्सर परवडू लागतो. दराची ही कमाल मर्यादा खरी आहे आणि ती आमच्या कौशल्यावर ठरत नाही, हेही मान्य. मात्र आमचे खरे नुकसान होते ते दुसरीकडे: “एवढा छोटासा बदल करून द्या” असे म्हणत ४० तासांचे ५२ झाले, की तोच दर १९ पौंडांवर येतो. म्हणून दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि त्यापुढे ताशी आकार हे कोटेशनमध्येच लिहिलेले बरे.

थेट ग्राहक गाठण्याला बहुतेक करार ठरावीक मुदतीपर्यंत मनाई करतात. करार बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही, कारण तो ग्राहक पाच वर्षांतून एकदा संकेतस्थळ करतो आणि एजन्सी वर्षभर कामे पाठवत राहते.

नाव लपवण्याचा मुद्दा उलटा मांडला गेला आहे. एजन्सी आम्हाला तिच्या ग्राहकाच्या होस्टिंगचे पासवर्ड देते. जोखीम आधी तिची असते. एकदा चाचणीची प्रत आमच्याच डोमेनवर ठेवली होती आणि ग्राहकाने पासवर्ड बदलायला घेतला, तेव्हा त्याला आलेल्या मेलमधल्या दुव्यात आमचे नाव झळकले. एजन्सीच्या मालकिणीला अर्धा तास सारवासारव करावी लागली. तेव्हापासून चाचणीची प्रत एजन्सीच्याच उपडोमेनवर असते, आणि कोड सोपवण्यापूर्वी त्याच्या git नोंदींत कोणाची नावे व मेल पत्ते दिसतात ते आम्ही असे पाहतो:

```
git log --all --format='%an %ae%n%cn %ce' | sort -u
```

ही यादी कामाच्या शेवटी पाहून फारसा उपयोग नाही, कारण जुन्या नोंदींतले पत्ते बदलायचे तर साराच इतिहास नव्याने लिहावा लागतो. git मधला `user.email` पहिल्याच दिवशी नीट लावावा.

दाव्यात नसलेली एक गोष्ट मात्र खरोखर आमच्या विरुद्ध जाते. आमचा करार एजन्सीशी असतो, ग्राहकाशी नाही. एजन्सी बुडाली तर ग्राहकाकडे बिल मागता येत नाही. म्हणून नव्या एजन्सीकडून निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी घ्यावी. ‘ग्राहकाने दिले की देऊ’ ही अट आम्ही स्वीकारत नाही.