उत्तर: ‘एकदा REL दाबलं की काम संपलं’ या प्रतिक्रियेला

कपॅसिटर आणि कॉइल मोजणाऱ्या LCR मीटरवर छोट्या किमती मोजण्याआधी दर फ्रिक्वेन्सीला ओपन-शॉर्ट करा, म्हणजे क्लिपा आधी उघड्या ठेवून आणि मग तांब्याच्या पट्टीने जोडून मीटरला भरपाई करू द्या, असं मी लेखात लिहिलं होतं. REL हे त्याच मीटरवरचं, दिसणारा आकडा शून्य धरणारं बटण. लेखावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: “साधी गोष्ट फुगवून सांगायची हौस दिसते. क्लिपांमधली भटकी कपॅसिटन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे १ किलोहर्ट्झला एकदा REL दाबलं की काम संपलं. दर फ्रिक्वेन्सीला ओपन-शॉर्ट करत बसायला वेळ कोणाला आहे? शॉर्टसाठी तांब्याची पट्टी म्हणजे तर अतीच, वायर चालते. फोटोही धड नाहीत.”

नमस्कार.

फोटोंचं मान्य. क्लिपांचे जबडे त्यांत स्पष्ट दिसत नाहीत, नवे टाकतो. पण ‘हौस’ हा शब्द बोचला. छोट्या किमतींची कॉइल आणि कपॅसिटर मोजून फिल्टर जुळवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे कुठे फुगवायचं आणि कुठे नाही एवढं मला कळतं. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर किंवा १ मिलिहेन्रीची कॉइल मोजायची असेल तर यातलं बरंचसं न करताही भागतं, हे लेखातही लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचलं असतंत तर निम्मी प्रतिक्रिया वाचली असती.

आता तुमचं मुख्य वाक्य. भटकी कपॅसिटन्स पिकोफॅरडमध्ये जवळजवळ तेवढीच राहते, हे बरोबर. पण मीटर पिकोफॅरड साठवून ठेवत नाही. ओपन करताना तो त्या फ्रिक्वेन्सीला क्लिपांमधून गळणारी अॅडमिटन्स मोजतो आणि तिचे दोन्ही भाग, कपॅसिटिव्ह आणि रेझिस्टिव्ह, लक्षात ठेवतो. शॉर्टला तसंच लीडांचा रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स ठेवतो. मग प्रत्येक मापनाला हे गणित लावतो:

```
Z = (Zm - Zs) / (1 - (Zm - Zs) * Yo)
```

Zm म्हणजे मोजलेली इंपीडन्स, Zs शॉर्टची, Yo ओपनची. तिन्ही राशी कॉम्प्लेक्स आहेत आणि तिन्ही एकाच फ्रिक्वेन्सीच्या असाव्या लागतात. REL यातलं काहीच करत नाही. पडद्यावरच्या मुख्य आकड्यातून तो एक आकडा वजा करतो, भागातला तोटा दाखवणारा D आणि त्याचा व्यस्त Q यांना हातही लावत नाही.

४.७ पिकोफॅरडचा सी-झीरो-जी, म्हणजे कमी तोट्याचा सिरॅमिक कपॅसिटर घ्या, त्याचा खरा D धरा ०.०००५. क्लिपा उघड्या असताना १.८ पिकोफॅरड येतात आणि लीडांच्या प्लास्टिकमुळे त्यांचा D ०.०२ आहे, असं समजा. दोन्ही समांतर, म्हणजे एकूण ६.५ पिकोफॅरड. REL ने १.८ वजा होऊन ४.७ दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. D मात्र सुमारे ०.००६ दिसेल, खऱ्याच्या जवळजवळ बारापट. उत्तम कपॅसिटर तुम्ही टाकाऊ ठरवलात. हा गळतीचा भाग एका फ्रिक्वेन्सीवरून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गुणाकाराने नेताही येत नाही. मळ-दमटपणाची गळती फ्रिक्वेन्सी बदलली तरी साधारण तेवढीच राहते, प्लास्टिकमधला तोटा मात्र फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. दोन्ही किती मिसळलेत हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळत नाही.

शिवाय १ किलोहर्ट्झला ते १.८ पिकोफॅरड म्हणजे सुमारे ८८ मेगओहम. ०.६ व्होल्टच्या टेस्ट सिग्नलला त्यातून सातएक नॅनोअँपिअर वाहतात. १०० किलोहर्ट्झला तोच प्रवाह शंभरपट होतो. हातातल्या अनेक मीटरवर १ किलोहर्ट्झला शेवटचा अंक ०.१ पिकोफॅरडचा असतो. ४.७ वर तो दोन टक्के झाला. एवढ्या ढोबळ आकड्यावर तुम्ही ‘काम संपलं’ म्हणता. त्यात अनेक मीटरवर फ्रिक्वेन्सी बदलली की REL आपोआप सुटतो, मग पुढे तुम्ही नेमकं काय वजा करत होतात?

कॉइलचा तर तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. उघड्या क्लिपांवर दाबलेला REL कॉइलच्या काही उपयोगाचा नाही, कारण तिथे चूक लीडांची असते आणि ती सिरीजमध्ये येते. दोन वायरींच्या साध्या क्लिपा धरा: १०० किलोहर्ट्झला शॉर्टची इंडक्टन्स ०.३५ मायक्रोहेन्री, रेझिस्टन्स ०.११ ओहम. कॉइल ०.९८ मायक्रोहेन्री, तिचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम. भरपाईशिवाय १.३३ मायक्रोहेन्री आणि Q ५.२ दिसेल. क्लिपा शॉर्ट करून REL दाबलात तर इंडक्टन्स सुधारेल, Q ५.२ वरच अडकेल. खरा Q १२.३ आहे. हा ०.११ ओहमही १ किलोहर्ट्झवरून उसना आणता येत नाही. तांब्यात प्रवाह १ किलोहर्ट्झला साधारण २ मिलिमीटर खोल जातो आणि १०० किलोहर्ट्झला जेमतेम ०.२, त्यामुळे जाडसर लीडांचा रेझिस्टन्स वाढतो.

आणि हीच कॉइल १ किलोहर्ट्झला मोजायची असेल तर कोणतीही भरपाई फारशी मदत करत नाही. तिचा रिअॅक्टन्स तिथे ६ मिलिओहम, आणि लीडांसकट रेझिस्टन्स साधारण १६०. फेजमध्ये ०.२ अंशाची चूक झाली तरी इंडक्टन्स नऊ टक्क्यांनी चुकते. छोट्या किमतींना १०० किलोहर्ट्झ निवडा म्हणतो ते यासाठी.

वेळेबद्दल. काही मीटर एका दमात सगळ्या फ्रिक्वेन्सींचं ओपन-शॉर्ट करतात, काही फक्त निवडलेल्या फ्रिक्वेन्सीचं. तुमचा कोणता हे ओळखणं सोपं आहे: भरपाई करा, फ्रिक्वेन्सी बदला, क्लिपा हलवू नका आणि उघड्या क्लिपांवर काय दिसतं ते पाहा. शून्याजवळ नसेल तर त्या फ्रिक्वेन्सीला पुन्हा करा. ओपन करताना क्लिपांमधलं अंतर मोजायच्या भागाच्या पायांइतकंच ठेवा आणि हात दूर घ्या. क्लिपा जवळ ठेवून ओपन केलंत आणि नंतर लांब पायांचा कपॅसिटर पकडलात, तर जास्त वजा होऊन किंमत कमी दिसते. एक-दोन पिकोफॅरडच्या भागाला ती उणेही जाऊ शकते. रेझिस्टन्स उणे दिसला तर शॉर्टच्या वेळी जबडे मळलेले किंवा सैल होते असं समजा. जबडे पुसा आणि शॉर्ट पुन्हा करा.

‘वायर चालते’ म्हणता, तर २० मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर जाड सरळ वायरची स्वतःची इंडक्टन्स सुमारे १७ नॅनोहेन्री असते. शॉर्टच्या वेळी मीटर तिला शून्य मानतो, म्हणजे पुढची प्रत्येक कॉइल तेवढी कमी दिसते. १ मायक्रोहेन्रीला हे दोन टक्क्यांच्या आत आहे, चालवून घ्या. १०० नॅनोहेन्रीला सतरा टक्के. तिथे रुंद, आखूड पट्टीच लागते, आणि प्रत्येक जबड्याला वेगळी वायर असलेल्या केल्व्हिन क्लिपा असतील तर दोन्ही क्लिपांनी तीच पट्टी एकमेकींच्या अगदी जवळ, चारही जबडे टेकवून पकडायची.

बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यांत काही नाही. ४.७ पिकोफॅरडचा एखादा कपॅसिटर १०० किलोहर्ट्झला आधी तुमच्या पद्धतीने आणि मग ओपन-शॉर्ट करून मोजा, दोन्ही वेळचा D इथे लिहा. पुढे बोलायचं तर त्या आकड्यांवर बोलू.