"तुमची मजा आहे, तुमचा टॅक्स कापला जात नाही"

आज सकाळी चुलतभाऊ घरी आला होता. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमची मजा आहे, अख्खं पेमेंट हातात येतं. आमचा टॅक्स बघ, पगारातनंच जातो." दादा वयानं मोठा, म्हणून समोर काही बोललो नाही. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय.

माझं काम बऱ्याच जणांना माहीत आहे. टॉवेल आणि चादरींची जकार्ड डिझाइन्स काढून मी बाहेरच्या देशांतल्या ग्राहकांना देतो. त्यांचे पैसे टीडीएस न कापता येतात, आणि येतात तेही कसे? चार महिने काहीच नाही, मग एकदम ढीग.

2025-26 मध्ये डिसेंबरपर्यंत खर्च वजा जाऊन माझे 7 लाख झाले होते. वर्षअखेर फार तर 10 लाख होतील असा माझा अंदाज. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत सूट असल्यानं टॅक्स शून्य, म्हणून आगाऊ टॅक्सच्या जून, सप्टेंबर, डिसेंबर या तिन्ही हप्त्यांना एक रुपया भरला नाही. जानेवारीत, ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, जुनं अडकलेलं आणि नवं मिळून 8 लाख एकदम जमा झाले. त्या संध्याकाळी होम मैदानावर पोरीला पाळण्यात बसवलं तेव्हा वाटलं, यंदा सगळं सुटलं.

वर्षाचे झाले 15 लाख. त्यावर टॅक्स 1,05,000 आणि सेस धरून 1,09,200. तोवर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गच्चीवरच्या खोलीची उधारी फिटली होती. शेवटच्या हप्त्याचा 15 मार्च आला तेव्हा खात्यात 30 हजार होते. बायकोनं न मागता पाटल्या काढून दिल्या. त्या गहाण ठेवून टॅक्स भरला.

परवा सीएंनी रिटर्नचा हिशेब पाठवला. त्यात व्याज 4,419 रुपये. का, तर 15 जूनपर्यंत वर्षाच्या टॅक्सचे 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45 आणि 15 डिसेंबरपर्यंत 75 टक्के भरलेले हवेत. ही टक्केवारी काढतात शेवटी ठरलेल्या टॅक्सवर, आणि प्रत्येक हप्त्याच्या तुटीवर तीन महिन्यांचं व्याज लागतं, महिन्याला 1 टक्का. म्हणजे जानेवारीत येणारे पैसे मला जूनमध्ये माहीत असायला हवे होते! जानेवारीत शेअर विकून नफा झाला असता तर आधीच्या हप्त्यांचं व्याज माफ. उरलेल्या हप्त्यात भरलं की झालं. धंद्याचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल तरी माफ. आमच्यासारख्या जुन्या, हातानं काम करणाऱ्या माणसाला मात्र नाही. हा कुठला न्याय?

काही ठरावीक व्यवसायांना निम्मं उत्पन्न नफा धरून 15 मार्चला एकच हप्ता भरता येतो, हे मान्य. माझं काम त्या यादीत बसत नाही, असं सीए सांगतात.

आणि खरं सांगायचं तर 4,419 नं मी मोडलो नसतो. मोडलो ते गड्ड्यातले 8 लाख अख्खे माझे समजलो म्हणून. त्यातला टॅक्स त्याच दिवशी बाजूला काढला असता तर पाटल्या घरात राहिल्या असत्या. दादाचं एवढं बरोबर आहे की त्याला हा मोह होतच नाही.

एप्रिलपासून दुसरं खातं उघडलंय. त्याचं कार्ड घेतलं नाही, फोनवर यूपीआयलाही जोडलं नाही. पेमेंट आलं की खर्च वजा करून उरलेल्याचे 10 टक्के टॅक्ससाठी आणि 5 टक्के तिमाहीच्या बिलांसाठी त्याच दिवशी तिकडं. आधी तीस टक्के काढायच्या विचारात होतो, पण तेवढे काढले तर घर चालत नाही आणि दोन महिन्यांत त्याच खात्यात हात घालावा लागतो. सध्याच्या दरानं वर्षाचे 19 लाख झाले तरी 10 टक्क्यांत टॅक्स बसतो. 12 च्या आत राहिलो तर ते पैसे आपलेच.

5 टक्क्यांचं कारण जून. पोरीची शाळेची फी, विम्याचा तिमाही हप्ता आणि 15 तारखेचा टॅक्स, तिन्ही एकाच पंधरवड्यात येतात. पूर्वी या तिघांत सगळ्यात आधी टॅक्सच मागं पडायचा, कारण त्यासाठी कुणी फोन करत नाही.

यंदा मी 12 लाख ओलांडणार असंच धरून चाललोय. वर्षाचा अंदाज 14 लाख, त्यावर सेससकट टॅक्स 93,600, त्याचे 15 टक्के 14,040. ते परवाच भरले. सप्टेंबरच्या आधी जमाखर्च बघून अंदाज पुन्हा मांडायचा.

आजही एक पेमेंट आलं. दादा गेल्यावर पहिल्यांदा 15 टक्के वळते केले, मग बायकोला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, पाटल्या कधी? दिवाळीच्या आधी, असं सांगितलंय.