दोन एकर दहा गुंठे आणि एक टिंब

पोरीनं मोबाइलवर शीट करून दिली आणि म्हणाली, "पप्पा, आता वहीच्या मागच्या पानावर हिशेब लिहायचा नाही." मी क्षेत्राच्या रकान्यात शेत लिहिलं, २.१०. सोयाबीनचा खर्च ३८,२५०, माल १८ क्विंटल, भाव ४,२००. म्हणजे हातात उरले ३७,३५०. शीटनं एकरी उतारा साडेआठ क्विंटलच्या वर दाखवला. तो मी त्याच संध्याकाळी पारावर सांगूनही आलो.

पोरीनं शीट उघडली, क्षेत्राकडं बोट केलं आणि विचारलं, "एकरात गुंठे किती?"

"चाळीस."

"मग दहा गुंठे म्हणजे पाव एकर. हे शंभरावर चालतंय, पप्पा."

तिनं त्या चौकटीत `=2+10/40` टाकलं. शेत २.२५ एकर झालं, उतारा बरोबर आठ क्विंटलवर आला आणि एकरी नफा १७,७८६ वरून १६,६०० वर. अळी नाही, गारपीट नाही, नुसत्या टिंबानं एकरी अकराशे शहाऐंशी रुपये नेले. विमा कंपनीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, खुरपणीचं काय लिहिलंय?"

"काहीच नाही. बाया कुठं लावल्या होत्या?"

"मग मी आणि आत्याबाई काय पिकनिकला गेलो होतो?"

दोघींचे मिळून २४ रोज निघाले. तीनशेनं ७,२०० रुपये. माझे मी सत्तावीस सांगितले. त्यातले नऊ बांधावर बसून तंबाखू मळण्याचे म्हणून तिनं वजा केले. उरलेले अठरा पाचशेनं धरले. एकरी नफा ९,४०० वर आला. हरभऱ्याच्या रकान्यातही घरचे रोज टाकले, तरी तो १०,१०० वर राहिला. रब्बी जिंकली. सोयाबीन सोडून खरिपात दुसरं काय घ्यावं, यावर मी रात्रभर जागलो.

सकाळी दुकानाची पावती सापडली. डीएपीची पोती जूनमध्ये आणली होती म्हणून सगळा खर्च सोयाबीनच्या नावावर. त्यातली दोन पोती उरली आणि ती हरभऱ्याला पेरली. पोतं १,३५० चं, दोन पोत्यांचे २,७००, म्हणजे एकरी १,२०० रुपये इकडून तिकडं. सोयाबीन १०,६००, हरभरा ८,९००. निकाल उलटा! आता पावतीची तारीख बघायची नाही, खत कुठल्या पिकाला पडलं ते बघायचं, असं मी शीटच्या माथ्यावर ठळक अक्षरात लिहिलं आणि मोठ्या समाधानानं चहा मागितला.

चहा आला. सोबत बायकोही आली.

"दोन पोती नव्हती हो. दीडच गेली हरभऱ्याला. अर्धं मी परसातल्या वांग्यांना घातलं."

मी शीटमध्ये नवा रकाना उघडला. वांगी. क्षेत्र: अर्धा गुंठा. पोरीला हाक मारली, "अगं, ह्याचं टिंब कुठं द्यायचं?"