फी भरल्याचं एक धड पत्र द्यायला कॉलेजला दोन महिने लागतात

डोकं फिरलंय आज, त्यामुळे लिहिणार आहे तेवढं सगळं लिहिणार. एज्युकेशन लोन घेतलेल्या किंवा घेणाऱ्या पोरापोरींनी तरी नीट वाचा, तुमच्यावर ही वेळ येणारच आहे.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात. घर बार्शीला आणि लोन बार्शीच्याच ब्रँचमधून. कॅप राउंडमध्ये सीट लागली की ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजला जाऊन फी भरून ॲडमिशन कन्फर्म करावं लागतं, बँक तेवढ्यात लोन देत नाही. मग घरच्यांनी काय केलं, तर आईच्या पाटल्या गहाण टाकून 1,10,000 उचलले, 7,000 घरात होते, असे मिळून 1,17,000. ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत भरले, आधी 60,000 पप्पांच्या खात्यातून ऑनलाइन आणि नंतर 57,000 चा डीडी. ऑक्टोबरमध्ये लोन सँक्शन झालं, साडेसहा लाख, चारही वर्षांचं मिळून. बँकेचे साहेब म्हणाले भरलेली फी परत मिळेल, 4 लाखाच्या वरचं लोन आहे म्हणून 5 टक्के मार्जिन तुमचं, म्हणजे 5,850 तुमच्याकडचे, बाकीचे 1,11,150 खात्यात टाकतो, फक्त पावत्या आणा. आम्हाला वाटलं आठवडाभराचं काम आहे. पाटल्या दिवाळीच्या आधी सुटतील असं आई म्हणाली होती.

आता पावत्या कशा आहेत ते ऐका. अर्धा कागद. वर ट्रस्टचं नाव, कॉलेजचं नाव कुठेच नाही. माझं नाव आडनाव आधी, वडिलांचं नाव गायब. खाली एक ओळ, "फीज", आणि समोर आकडा. संपलं. कुठल्या वर्षाची फी, कुठल्या कोर्सची, त्यात ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, डिपॉझिट किती, पैसे ऑनलाइन आले की डीडीने, काहीच नाही. तळाला बारीक अक्षरात छापलंय की ही कॉम्प्युटरवर काढलेली पावती आहे, सहीची गरज नाही. आणि बँकेला नेमकी सही आणि शिक्काच हवा!

साहेबांनी पावत्या बघितल्या आणि परत केल्या. खरं सांगते, मला त्यांचा राग नाही आला. त्यांनी फाईल उघडून सँक्शनचा कागद दाखवला, त्यावर कॉलेजचं नाव आहे, ट्रस्टचं नाही, आणि पैसे हेडवाईज मंजूर आहेत. म्हणाले उद्या ऑडिटला कोणी विचारलं हे पैसे कसल्याचे दिले, तर मी "फीज" असं लिहिलेला कागद दाखवू का? बरं, डिपॉझिटला नियम वेगळा आहे. कॉशन डिपॉझिट, बिल्डिंग फंड, परत मिळणाऱ्या ठेवी, हे सगळं मिळून पूर्ण कोर्सच्या ट्यूशन फीच्या 10 टक्क्यांपर्यंतच लोनमध्ये धरतात. माझी ट्यूशन वर्षाला 96,000, चार वर्षांची 3,84,000, म्हणजे 38,400 पर्यंत चालतं आणि माझं डिपॉझिट आहे फक्त 5,000. आरामात बसतंय! पण ते वेगळं लिहिलेलंच नाही तर साहेब बसवणार कुठे?

तर मग माझ्या अकाउंट्स ऑफिसच्या वाऱ्या सुरू झाल्या.

पहिल्या वेळी मी तोंडी सांगितलं, मॅडम बँकेत द्यायला फीचं पत्र पाहिजे. खिडकीतून एक फॉर्म बाहेर आला, 50 रुपये भरले, तीन दिवसांनी हातात काय, तर बोनाफाईड. म्हणजे ही मुलगी आमच्याकडे शिकते. अहो ते तर बँकेने लोन करतानाच घेतलंय! दुसऱ्या वेळी परत सांगितलं, तर चार वर्षांचं फी स्ट्रक्चर दिलं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, दिसायला एकदम झकास. मी खुशीत बार्शीची एसटी पकडली. साहेबांनी एका मिनिटात बाजूला ठेवलं. म्हणाले बाळा, यात फी किती आहे ते लिहिलंय, तू भरलीस असं कुठे लिहिलंय?

तेव्हा मला हा घोळ कळला आणि तुम्ही पण समजून घ्या, कारण कॉलेजमध्ये कोणीच सांगत नाही. कागद तीन वेगवेगळे असतात. फी स्ट्रक्चर म्हणजे पूर्ण कोर्सला कुठल्या वर्षी किती लागणार, ते लोन मंजूर करताना लागतं. डिमांड लेटर म्हणजे या वर्षाची फी अजून यायची आहे, ती या खात्यात पाठवा, त्यात कॉलेजचं खातं आणि आयएफएससी लागतं आणि बँक पैसे थेट कॉलेजला पाठवते, हे मला सेकंड इयरपासून लागेल. आणि तिसरं म्हणजे फी मिळाल्याचं पत्र, की या मुलीकडून या या तारखांना एवढे पैसे आम्हाला मिळाले, त्यात हे हे हेड. बँक घरच्यांना पैसे परत देणार ते फक्त या तिसऱ्यावर. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, कितीही शिक्के मारले तरी चालत नाही. आणि आमचं ऑफिस खिडकीतून जे हाताला लागेल ते देतं.

तिसऱ्या वेळी मी हे सगळं त्या मॅडमना समजावून सांगितलं तर उत्तर काय, "सिस्टीममध्ये पावती अशीच येते, आम्ही काही करू शकत नाही." आणि त्याच पावतीच्या झेरॉक्सवर गोल शिक्का मारून दिला. मी म्हटलं मॅडम, सिस्टीममध्ये हेड आहेत ना, तुमच्या स्क्रीनवर मला इथून दिसतायत. खरंच दिसत होते! काचेतून, निळ्या पट्टीखाली माझं नाव आणि खाली पाच ओळी, ट्यूशन 96,000, डेव्हलपमेंट 10,000, युनिव्हर्सिटी आणि परीक्षा 4,000, कॉशन डिपॉझिट 5,000, इतर 2,000. बेरीज 1,17,000, पुढे "पेड". म्हणजे बँकेला पाहिजे ते सगळं त्यांच्यासमोर उघडं होतं, फक्त लेटरहेडवर टाईप करून सही करायची होती. त्यांनी स्क्रीन माझ्या बाजूने फिरवली होती ती परत स्वतःकडे वळवली आणि म्हणाल्या लंच झालाय, दोननंतर या. दोननंतर साहेब मीटिंगला. चारला खिडकी बंद.

मी होस्टेलवर येऊन रडले. आईचा फोन आला, "झालं का गं काम?" काय सांगू तिला? गहाणाचं व्याज महिन्याला 1,100 आहे. सँक्शन होऊन दोन महिने झाले, म्हणजे 2,200 रुपये निव्वळ या एका कागदापायी गेले, त्यात माझी महिन्याची मेस जवळपास निघते. लाखो रुपये फी घेणाऱ्या लोकांना 2,200 म्हणजे काही वाटत नसेल, आमच्या घरात वाटतं.

मग होस्टेलच्या एका सिनियर ताईने सांगितलं की तोंडी मागूच नकोस, लेखी दे, दोन कॉपी काढ आणि तुझ्या कॉपीवर आवकचा शिक्का आणि नंबर घे, तो नसेल तर तू आली होतीस हे पण उद्या कबूल करणार नाहीत. म्हणून मी चौथ्या वेळी हे पत्र दिलं, कोणाला लागलं तर उचला:

"प्रति, मा. लेखाधिकारी. विषय: शैक्षणिक कर्जाच्या प्रतिपूर्तीसाठी फी मिळाल्याचे हेडनिहाय प्रमाणपत्र मिळणेबाबत. महोदय, मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून शैक्षणिक वर्ष 2025-26 ची फी रु. 1,17,000 दोन हप्त्यांत भरली आहे, पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पावतीवर हेड, शैक्षणिक वर्ष, भरण्याचा प्रकार आणि महाविद्यालयाचे नाव नसल्याने बँकेने त्या स्वीकारलेल्या नाहीत. तरी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक व दिनांकासह, माझे आधारप्रमाणे पूर्ण नाव, अभ्यासक्रम व वर्ष, पावती क्रमांक, भरल्याची तारीख व प्रकार, हेडनिहाय रक्कम आणि सदर ट्रस्ट हीच महाविद्यालयाची चालक संस्था असल्याचा उल्लेख असलेले, सही व शिक्क्यासह प्रमाणपत्र द्यावे. बँकेने मागितलेला नमुना टाईप करून सोबत जोडला आहे."

बँकेच्या साहेबांकडून त्रुटी लिहून घेतली होती ती पण जोडली. नमुना तर इंग्रजीत पूर्ण टाईप करून पेन ड्राईव्हमध्ये पण नेला, म्हणजे त्यांना एक अक्षर टाईप करायला नको. आवकवाले काका शिक्का द्यायला तयार नव्हते, म्हणे पत्र ठेवून जा. मी तिथेच उभी राहिले, मागे लाईन लागली तरी हलले नाही, तेव्हा दिला. आणि बघा, शिक्का पडल्यावर तेच काम, जे सिस्टीममध्ये होतच नव्हतं, ते पाच दिवसांत झालं!

काल पत्र मिळालं. लेटरहेड आहे, जावक नंबर आहे, नाव बरोबर, पाचही हेड बरोबर, ट्रस्टची ओळ पण आहे. मी उभ्या उभ्या वाचत खाली आले आणि शेवटची ओळ वाचून पायच गळाले. माझ्या नमुन्यात लिहिलं होतं की वरील रक्कम "रिसीव्हड". यांनी माझा नमुना वापरलाच नाही, जुन्या डिमांड लेटरमध्ये माझे आकडे टाकले आणि खाली तसंच राहिलं, वरील रक्कम "पेएबल". म्हणजे कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंय की माझी 1,17,000 फी अजून यायची आहे!

परत खिडकीवर गेले तर मॅडम म्हणतात एका शब्दाने काय होतं, बँकेत सांगा ना. अहो त्या एका शब्दासाठीच तर आले होते मी! हे पत्र बँकेत दिलं तर साहेब पैसे घरी नाही देणार, कॉलेजला पाठवतील, आणि मग जास्तीची भरलेली फी तुमच्याकडून परत काढायला मी किती वर्षं या खिडकीवर उभी राहू? पेनाने खोडून देऊ का म्हणाल्या. खाडाखोड केलेलं पत्र बँक घेत नाही हे पण मीच सांगायचं यांना.

उद्या शनिवार, ऑफिस बंद. सोमवारी अकराला दुसरं पत्र घेऊन जाणार आहे, आधीच्या आवक नंबरचा उल्लेख करून, चुकलेल्या ओळीखाली लाल रेघ मारून झेरॉक्स जोडलीय. यावेळी एक कॉपी प्राचार्यांच्या नावाने पण देणार. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतंय काम झालं.